आधी फोटो की थेट ओळख परेड?

अमळनेर-धरणगाव रस्त्यावर रात्री दोघांनी दुचाकी आडवी घालून एका कापूस व्यापाऱ्याची रोकड हिसकावली आणि आठवड्याभराने एक संशयित पकडला गेला, असे समजू. तपास अधिकाऱ्यापुढे दोन मार्ग असतात. एक म्हणजे फिर्यादीला ठाण्यात बोलावून मोबाईलवर संशयिताचा फोटो दाखवणे. दुसरा म्हणजे तोवर संशयिताचा चेहरा झाकून ठेवून कारागृहात विशेष कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडून ओळख परेड घेणे, म्हणजे मिळत्याजुळत्या माणसांच्या रांगेत त्याला उभे करून फिर्यादीला ओळखायला लावणे.

फोटो दाखवायला पाच मिनिटे पुरतात, पण एकच फोटो समोर आला की 'पोलिसांना माणूस सापडला' असे फिर्यादी गृहीत धरतो. शिवाय त्या रात्री अंधारात ओझरता दिसलेला चेहरा आणि उजेडात निरखून पाहिलेला फोटो यांची स्मरणात सरमिसळ होते. पुढे परेड घेतली, तरी ओळखला जातो तो फोटोतला माणूस. अमेरिकेत १९८४ मध्ये बलात्काराचा आरोप झालेल्या रोनाल्ड कॉटन याच्या बाबतीत हेच घडले. पीडितेने आधी अनेक फोटोंमधून त्याला निवडले. नंतरच्या परेडमध्ये त्या फोटोंपैकी फक्त तोच उभा होता, आणि निवड झाल्यावर पोलिसांनी तिला दुजोरा दिला. खरा गुन्हेगार पुढे न्यायालयात समोर आणला, तेव्हा तिला तो ओळखता आला नाही. १९९५ मध्ये डीएनए तपासणीने कॉटन सुटला, तोवर दहा वर्षे तुरुंगात गेली होती. ती खोटे बोलत नव्हती, म्हणूनच उलटतपासणीत तिचा आत्मविश्वास ढळला नाही.

परेडला वेळ लागतो. मुंबई उच्च न्यायालयाच्या फौजदारी नियमपुस्तिकेनुसार एका आरोपीसोबत किमान सहा मिळतीजुळती माणसे लागतात आणि पोलिसांनी तेथे थांबायचे नसते. गफलत होते ती या माणसांच्या निवडीत. फिर्यादीत 'सडपातळ, गालावर व्रण' असे असेल आणि रांगेत व्रण एकाच्याच गालावर असेल, तर ती परेड फोटोइतकीच निकामी ठरते. अशा वेळी सर्वांच्या गालाला सारखीच पट्टी लावावी. घटना न पाहिलेल्या काही जणांना फक्त ते वर्णन वाचायला द्यावे, आणि त्यांतले बहुतेक जण नेमके संशयिताकडेच बोट दाखवू लागले तर रांग बदलावी. 'तो माणूस यात असेल किंवा नसेलही' हे साक्षीदाराला आधी स्पष्ट सांगावे, अन्यथा तो त्यातल्या त्यात जवळचा चेहरा निवडतो.

आपल्या पद्धतीत एक उणीव राहतेच: संशयित कोणता हे दंडाधिकाऱ्यांना ठाऊक असते, त्यामुळे एखादा नकळत केलेला इशाराही साक्षीदारापर्यंत पोहोचू शकतो. तरीही संशयित ताब्यात असताना, माझ्या मते, फोटोला जागाच नाही. परेड मात्र शक्य तितक्या लवकर घ्यावी. संशयितच माहीत नसेल, तर अनेकांचे फोटो दाखवणे भाग असते. मात्र साक्षीदार दोन-तीन असल्यास ते एकालाच दाखवून बाकीच्यांना परेडसाठी राखून ठेवावे. लुटारू फिर्यादीच्या आधीपासून ओळखीचा असेल, तर परेडची गरजच उरत नाही.