खरा कार्ड नंबर की फोनमधला टोकन?

दुकानात कार्ड स्वाइप केलं की खरा १६ आकडी नंबर आणि एक्स्पायरी त्या मशीनमधून जाते, आणि तिथून कुणी कॉपी केली तर काही परदेशी साइटवर ओटीपी न मागताच खरेदी होऊ शकते, मग कार्ड ब्लॉक करा, नवीन मागवा, सगळीकडे नंबर बदला.

तेच कार्ड फोनच्या वॉलेट अ‍ॅपमध्ये जोडून मशीनवर फोन टॅप केला की दुकानदाराकडे जातो टोकन, म्हणजे कार्डाचा बदली नंबर, तोही १६ आकडीच दिसतो पण खरा नंबर नाही, तो फक्त त्याच फोनला बांधलेला असतो आणि प्रत्येक टॅपला सोबत एकदाच चालणारा कोड जातो, त्यामुळे चोरलेला टोकन वेबसाइटवर टाकला तरी कोडशिवाय व्यवहार नाकारला जातो. खात्री करायचीय? पावतीवरचे शेवटचे ४ आकडे बघा, बहुतेक वेळा कार्डावरच्यापेक्षा वेगळे असतात (रिफंड घेताना हेच आकडे जुळवतात, तेव्हा गोंधळू नका).

फोन हरवला तर बँकेला सांगून फक्त टोकन बंद करायचा, कार्ड चालूच राहतं.

पण एक जागा कच्ची आहे: वॉलेटमध्ये कार्ड जोडतानाचा ओटीपी. तो कुणाला सांगितलात तर टोकन चोराच्या फोनमध्ये बनतो, आणि मग तो बिनधास्त टॅप करत फिरतो. म्हणून ओटीपीचा मेसेज पूर्ण वाचा, नेमका कशासाठी आलाय ते.