सरळ रेषांचा प्लेनर ग्राफ: शिरोबिंदू काढायची सिद्धता घ्यावी की टटची पद्धत?

तुर्भे, सानपाडा आणि जुईनगर ही तीन स्थानकं रुळांनी एकमेकांना जोडलेली आहेत. रूळ वळणं घेत जातात, पण नकाशात तिथे सरळ बाजूंचा त्रिकोण काढला तरी काही बिघडत नाही. कडा एकमेकींना न छेदता ज्या ग्राफचं वाकडंतिकडं चित्र निघतं, त्याचं सरळ रेषांचंही निघतंच. हे वाग्नेर (१९३६), फारी (१९४८) आणि स्टाइन (१९५१) यांनी स्वतंत्रपणे दाखवलं. अट एकच: ग्राफ साधा हवा. दोन शिरोबिंदूंमध्ये दोन कडा असतील तर सरळ केल्यावर त्या एकमेकींवरच पडतील.

ठाण्यात एम.एस्सी.चा सेमिनार द्यायचा असेल तर प्रश्न असतो सिद्धता कुठली घ्यायची. फळ्यावर पटवून द्यायचं असेल तर शिरोबिंदू काढण्याची. चित्र काढणारा प्रोग्रॅम लिहायचा असेल तर ती नको, टटची पद्धत घ्या.

पहिलीची मांडणी अशी. आधी कडा घालत जाऊन प्रत्येक कप्पा त्रिकोणी करायचा. मग n शिरोबिंदूंना बरोबर 3n − 6 कडा होतात, म्हणजे डिग्रींची बेरीज 6n − 12. प्रत्येक शिरोबिंदू ६ ला जितका कमी पडतो ती तूट मोजली तर एकूण १२ भरते. n किमान ४ असेल तर कुठलीही डिग्री ३ पेक्षा कमी नसते, म्हणजे एकट्याची तूट जास्तीत जास्त ३. तेव्हा ५ किंवा कमी डिग्रीचे निदान चार शिरोबिंदू असणारच. 'एक तरी असतो' एवढ्यावर थांबू नका. बाहेरच्या त्रिकोणाला हात लावायचा नाही, आणि त्याचे कोपरे तीनच. चौथ्यामुळेच आतला एक नक्की मिळतो.

तो काढला की तीन ते पाच बाजूंचं भोक राहतं. त्यात कर्ण घालायचे, विगमनाने उरलेला ग्राफ सरळ रेषांत काढायचा, कर्ण पुसायचे आणि काढलेला बिंदू परत ठेवायचा. चुका दोन ठिकाणी होतात, कर्ण घालताना आणि बिंदू ठेवताना.

उदाहरण घेऊ. बाहेरचा त्रिकोण अबक, आत ड, इ आणि फ. ड जोडलेला अ, क, फ ला. इ जोडलेला ब, क, फ ला. फ पाचही जणांना. एकूण १२ कडा. ड आणि इ ची डिग्री ३ आहे, तिथे काम सोपं झालं असतं. मुद्दाम डिग्री ५ चा फ काढू. भोक उरतं क-ड-अ-ब-इ. आता क पासून अ आणि ब ला कर्ण घातले की फसलो, कारण त्या कडा बाहेरून आधीच आहेत आणि ग्राफ साधा राहत नाही. पंचकोनाबाहेर असे कर्ण जास्तीत जास्त दोन असतात आणि दोन असले तर एकाच कोपऱ्यातून निघतात. म्हणून त्याच्या शेजारचा कोपरा धरावा. इथे ड: कर्ण डब आणि डइ.

समजा विगमनाने अ (०,०), ब (१०,०), क (५,१०), ड (४,२), इ (६,४) असं चित्र दिलं. फ ला पाच कोपऱ्यांच्या सरासरीवर, (५, ३.२) वर ठेवायचा मोह होतो. पण तिथून अ कडे जाणारी रेषा x = ४ असताना २.५६ उंचीवर असते, म्हणजे ड च्या वरून जाते आणि डक या कडेला छेदते. ड पाशी प्रविशाल कोन आहे, त्याचा हा परिणाम. खात्रीची जागा म्हणजे ज्या कोपऱ्यातून कर्ण निघाले त्याच्या आतल्या कोनाच्या दुभाजकावर, कोपऱ्याच्या पुरेसं जवळ. आतला कोन ३६० अंशांहून कमी, म्हणून अर्धा १८० हून कमी. तिथून पाचही कोपरे दिसतात. इथे दुभाजकाच्या आसपासचा (५,१) चालतो. अ कडची रेषा x = ४ ला ०.८ वर, ड च्या खालून निघून जाते. षट्कोनात मात्र सगळं दिसणारा बिंदू नसूही शकतो, म्हणून ५ ही मर्यादा.

टटची १९६३ ची पद्धत यातलं काहीच करत नाही. बाहेरचा त्रिकोण पक्का ठेवते आणि आतला प्रत्येक बिंदू त्याच्या शेजाऱ्यांच्या सरासरीवर असावा अशी समीकरणं एकदम सोडवते. याच ग्राफला फ (५, ३.८५), ड (३.३३, ४.६२), इ (६.६७, ४.६२) मिळतात. चित्र सममित येतं, कर्णांची भानगड नाही. आधी सरासरी फसली, कारण ड आणि इ आपापल्या जागी खिळलेले होते. इथे सगळे एकत्र सरकतात. पण रेषा छेदत का नाहीत हे सिद्ध करणं पहिल्या पद्धतीहून बरंच लांबतं, आणि ग्राफ त्रि-संलग्न लागतो. चार किंवा जास्त शिरोबिंदूंचं साधं त्रिकोणीकरण तसं असतंच, म्हणून आधी कडा भरून शेवटी पुसाव्यात.

प्रोग्रॅममध्ये पहिलीची अडचण 'पुरेसं जवळ' या शब्दांत आहे. प्रत्येक फेरीत अंतरं आणखी बारीक होऊ शकतात आणि दशांशांची अचूकता संपते. टटच्या चित्रातही शंभरेक शिरोबिंदूंनंतर मधला भाग दाटू शकतो. पूर्णांक जागाच हव्या असतील तर श्नायडरची १९९० ची पद्धत पाहा. ती (n − 2) × (n − 2) च्या जाळीत सगळं बसवते.