आठ महिने सेक्शन कापून पाहिल्यावर: हाऊसिंगच्या पोटात काय दिसतं, काय दिसत नाही

थ्रीडी मॉडेल मध्यातून कापून आत डोकावायची सोय सगळीकडे असते, आणि डेमोत ती फार देखणी दिसते. मी गेले आठ महिने ती जवळपास रोज वापरतोय, मुख्यतः बेअरिंग हाऊसिंगच्या असेंब्ली तपासायला. उपयोग आहेच, पण या सोयीने मला दोनदा फसवलं आणि एकदा नाहक घाबरवलं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी एक फरक, जो मला पहिला महिनाभर नीट कळलाच नव्हता. क्लिपिंग प्लेन म्हणजे निव्वळ नजरेचा पडदा. प्लेनच्या एका बाजूचं चित्र कॉम्प्युटर काढत नाही, बस्स. मॉडेल जसंच्या तसं असतं. स्क्रीनवर फक्त पार्टची कातडी रेखाटलेली असते, त्यामुळे कापलेला भरीव शाफ्ट पत्र्याच्या नळीसारखा पोकळ दिसतो. काही पॅकेज त्या पोकळीवर रंगाचं झाकण चढवतात, मग दिसायला भरीव होतं, पण कातडी तीच. खरा सेक्शन म्हणजे भूमिती प्रत्यक्ष कापणं. त्यात खरी कड तयार होते, तिच्यावर क्लिक करता येतं, माप घेता येतं. वेळ मात्र खातो, आणि मोठ्या असेंब्लीत प्लेन ओढताना अडकत अडकत सरकतो. फ्रीकॅडमध्ये या दोन वेगळ्या कमांड आहेत, `Clipping plane` आणि `Persistent section cut`. इतरत्र नावं बदलतात, पण कुठली कमांड आपण चालवतोय हे ठाऊक हवं.

घाबरायचा प्रसंग याच फरकातून आला. २५ मिमी शाफ्ट, त्यावर बुश, दोघांत त्रिज्येला ०.०२ मिमी गॅप. अक्षाला आडवा क्लिपिंग प्लेन लावून झूम केलं, तर शाफ्ट जागोजागी बुशमध्ये घुसलेला! फिट चुकलं म्हणून अर्धा तास डोकं खाजवलं. चूक कुठेच नव्हती. स्क्रीनवरचं वर्तुळ म्हणजे खरं तर बहुकोन असतो. समजा ३६ बाजूंचा आहे, तर १२.५ मिमी त्रिज्येला प्रत्येक बाजूचा मध्य खऱ्या वर्तुळापेक्षा सुमारे ०.०५ मिमी आत बसतो. म्हणजे बुशच्या बोअरची बाजू ०.०५ आत आली आणि नेमका तिथेच शाफ्टचा कोपरा आला, तर ०.०२ चा गॅप कुठे उरणार? डिस्प्लेची बारकाई वाढवली की हे ‘घुसणं’ आकसतं आणि झूम करताना जागा बदलतं; खरी अडचण असती तर ती जागची हलली नसती. खरा सेक्शन घेतला, कड ते कड मोजलं, ०.०२ बरोबर. तेव्हापासून क्लिपिंगवर फिट तपासत नाही. कुठला पार्ट कुठे बसलाय एवढंच बघतो.

आता फसल्याची गोष्ट. हाऊसिंगमध्ये ६२०५ बेअरिंग (२५ × ५२ × १५), पुढे ५२ च्या बोअरची सर्क्लिप, तिची खाच ५५ व्यासाची आणि २.१५ रुंद. अक्षातून उभा सेक्शन घेऊन सहकाऱ्याला दाखवला. तो म्हणाला, “अरे, वरची खाच रिकामी आहे. सर्क्लिप टाकायची राहिलीय का?” मलाही क्षणभर तसंच वाटलं आणि मी खरंच दुसरी सर्क्लिप टाकून बसलो. सर्क्लिप होतीच. तिच्या दोन कानांमधली फट नेमकी सेक्शनच्या प्लेनवर आली होती, त्यामुळे वर खाच मोकळी आणि खाली भरलेली. त्या दिवशी पार्ट लिस्टमध्ये सर्क्लिपची संख्या एकाने जास्त गेली.

अशा वेळी प्लेन सरकवू नका, फिरवा. ही चूक मीही केली आहे. प्लेन अक्षापासून ५ मिमी बाजूला नेला की २५ चा शाफ्ट २२.९ दिसतो आणि हाऊसिंगची भिंत आहे त्यापेक्षा जाड दिसते, कारण आपण गोल वस्तू मध्यातून न कापता कडेने कापतोय. अक्षातून जाणारा प्लेन पुरेसा फिरवला तर माप जागेवर राहतं आणि सर्क्लिपची फट मागे पडते.

सगळ्यात महाग पडलेली चूक मात्र कोनाचीच होती. त्याच हाऊसिंगचं पुढचं कव्हर चार एम-६ बोल्टांवर, ७० पीसीडी, भोकं ४५ अंशांवर. सॉफ्टवेअर आपणहून तीन प्लेन हाताशी देतं, एक्स, वाय आणि झेड. मी अक्षातून जाणारे दोन्ही उभे सेक्शन पाहिले, सगळं ठाकठीक. पण चार बोल्टांपैकी एकही त्या दोन प्लेनवर नव्हता! आणि ग्रीसचं ४ मिमी भोक एका बोल्टच्याच कोनात, समोरच्या फेसपासून २४ मिमी आत, आडवं जात होतं. टॅपचं भोक २० मिमी खोल. ग्रीसच्या भोकाची वरची कड २२ वर. मध्ये २ मिमी भिंत.

दोन मिमी म्हणजे कमी, पण आहे ना? नव्हती. मी टॅपचं भोक मॉडेलमध्ये सपाट तळाचं काढलं होतं. ५ मिमीच्या, ११८ अंशांच्या ड्रिलचं टोक आणखी दीड मिमी खाली जातं. उरला अर्धा मिमी. शिवाय, टॅपच्या पुढे बुरादा मावावा म्हणून ऑपरेटरने ड्रिल मिमीभर जास्त मारलं, आणि त्यात त्याचं काही चुकलं नाही. ग्रीस गनचे दोन स्ट्रोक झाल्यावर ग्रीस बोल्टच्या आट्यांतून वर आलं.

पाठोपाठ मी सेक्शन ४५ अंशांवर घेतला. प्लेनची दिशा हाताने टाकायची सोय असते. अक्ष झेड असेल तर १, -१, ० टाकलं की प्लेन अक्ष आणि बोल्ट दोन्हींतून जातो. दोन भोकं एकावर एक लगेच दिसली. पण त्या सेक्शनमध्येही भिंत २ मिमीच दिसत होती, कारण मॉडेलमध्ये कोन नव्हताच. भोकाच्या तळाला ड्रिलचा कोन घातला, तेव्हा कुठे चित्रात अर्धा मिमी उरलेला दिसला. ग्रीसचं भोक आम्ही बोल्टपासून २२ अंश फिरवून दोन बोल्टांच्या मधल्या जागेत नेलं आणि विषय संपवला.

आता माझी पद्धत अशी. आधी समोरून बघून प्रत्येक भोकाचा, खाचेचा, निपलचा कोन कागदावर लिहितो. मग त्या प्रत्येक कोनातून अक्षासह एक सेक्शन, आणि आडव्या भोकांसाठी त्यांच्या मध्यातून एक आडवा. या हाऊसिंगला ते पाच झाले. प्रत्येकाला नाव देऊन व्ह्यू सेव्ह करतो, नाहीतर पुढच्या रिव्हिजनला पुन्हा शोधत बसावं लागतं.

एक छोटी तक्रार. ड्रॉइंगच्या रीतीप्रमाणे शाफ्ट, बोल्ट, शाफ्टवरच्या की लांबीत कापायच्या नसतात, म्हणून पॅकेजमध्ये ते पार्ट सेक्शनमधून वगळता येतात. चित्र स्वच्छ येतं. पण मी शाफ्ट वगळलेला व्ह्यू सेव्ह करून ठेवला होता, आणि नंतर शाफ्टमध्ये ऑइलचं भोक आलं तेव्हा ते तीन आठवडे कुणालाच दिसलं नाही. तपासणीच्या व्ह्यूत आता काहीही वगळत नाही, कितीही गिचमिड दिसली तरी.