एसआयपी सुरू झाली असं दिसलं, पण पैसे फंडात गेलेच नाहीत

माझ्या वहिनी साताऱ्याला असतात. दर महिन्याला तीन हजार बाजूला टाकायचे म्हणून त्यांनी म्युच्युअल फंडाची एसआयपी सुरू केली. सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कुणीतरी एका अ‍ॅपची लिंक टाकली होती, तिथून. बँकेतून ३५,८०० रुपये गेल्यावर त्यांनी मला फोन केला. मी हिशेबाच्या कामात आहे, लोकांची फंडाची स्टेटमेंटं माझ्या हाताखालून जातात. म्हणून सगळे मेसेज, स्क्रीनशॉट आणि पासबुक घेऊन आम्ही दोघी बसलो. जे दिसलं ते इथे सविस्तर लिहिते, कारण फसवणूक ज्या ठिकाणी झाली ती जागा बहुतेकांच्या लक्षात येत नाही.

अ‍ॅपने सुरुवातीला केवायसी करून घेतली. पॅन, आधारचे दोन्ही बाजूंचे फोटो, सेल्फी, कोऱ्या कागदावर सही, रद्द केलेला चेक. एवढं सगळं मागितलं म्हणून वहिनींना अ‍ॅप खरं वाटलं. खऱ्या अ‍ॅपमध्येही साधारण हेच मागतात, त्यामुळे त्यात संशय घेण्यासारखं काही नव्हतं. फरक पडतो तो पुढे. खरी केवायसी अ‍ॅपजवळ राहत नाही, ती केआरए म्हणजे केवायसी नोंदणी संस्थेकडे जाते. म्हणूनच ती एकदाच करावी लागते आणि नंतर कुठल्याही फंड कंपनीत चालते. सीव्हीएल, कॅम्स, एनडीएमएल अशा केआरएंच्या वेबसाइटवर आपला पॅन टाकला की आपली स्थिती दिसते. वहिनींचा पॅन टाकला तर नोंदच नाही. अ‍ॅपवर मात्र हिरव्या अक्षरात ‘केवायसी पूर्ण’. म्हणजे कागद घेतले, पण पाठवले कुठेच नाहीत.

खरा घाव मँडेटच्या पायरीवर बसला. मँडेट म्हणजे आपल्या खात्यातून आपोआप पैसे कापायला आपण बँकेला दिलेली परवानगी. अ‍ॅपमध्ये ‘एसआयपी ३,००० रुपये, दर महिन्याच्या ५ तारखेला’ असं लिहिलं होतं. ‘मँडेट मंजूर करा’ दाबल्यावर वहिनींचं नेहमीचं यूपीआय अ‍ॅप उघडलं आणि ऑटोपेचं पान आलं. त्याचा स्क्रीनशॉट त्यांच्याकडे होता. त्यावर पैसे घेणाऱ्याचं नाव एका ट्रेडिंग कंपनीचं, रक्कम १५,००० रुपयांपर्यंत, आणि वारंवारता As Presented. शेवटच्या दोन शब्दांचा अर्थ असा की समोरचा मागेल तेव्हा पैसे कापले जातील, महिन्यातून एकदाच असं बंधन नाही. वहिनींनी यूपीआय पिन टाकला. अ‍ॅपमध्ये तीन हजार लिहिलेत की तीस, याला बँकेच्या दृष्टीने काही किंमत नाही. बँक पाळते ते या पानावर लिहिलेलं.

वहिनींना ते नाव खटकलं होतं आणि त्यांनी अ‍ॅपच्या चॅटवर विचारलंही होतं. उत्तर आलं, ‘मॅडम, ती क्लिअरिंग कंपनी आहे.’ हे उत्तर फार हुशारीने दिलेलं आहे, कारण त्यात अर्धं सत्य आहे. खऱ्या अ‍ॅपवरून एसआयपी केली तरी बँकेच्या नोंदीत बऱ्याचदा फंडाचं नाव नसतं, इंडियन क्लिअरिंग कॉर्पोरेशन किंवा एनएसई क्लिअरिंग असं असतं. हे शेअर बाजारांचे क्लिअरिंग विभाग. नाहीतर थेट फंड कंपनीचं नाव. याव्यतिरिक्त कुणाचंही, अगदी खुद्द अ‍ॅप चालवणाऱ्या कंपनीचं नाव दिसलं तरी पिन टाकू नका. २०२२च्या जुलैपासून सेबीने वितरकांना गुंतवणूकदारांचे पैसे स्वतःच्या खात्यात घेऊन पुढे पाठवायला मनाई केली आहे.

रक्कम जास्त दिसली एवढ्यावरून मात्र अ‍ॅप खोटं ठरवू नका. खरी अ‍ॅपही कमाल मर्यादा हप्त्यापेक्षा बरीच वर ठेवतात, म्हणजे उद्या दुसरी एसआयपी जोडली तर नवीन मँडेट लागत नाही. ती कमी करता येत असेल तर जरूर करा, पण आधी नाव पाहा, मग वारंवारता.

पहिला हप्ता ५ तारखेला गेला आणि काही मिनिटांत अ‍ॅपमध्ये युनिट जमा झाले. इथे मला खात्रीच पटली की हे बनावट आहे. फंडाची एनएव्ही, म्हणजे एका युनिटची किंमत, दिवसाचा बाजार बंद झाल्यावर ठरते आणि रात्री जाहीर होते, तेव्हा सकाळी कापलेल्या पैशांचे युनिट सकाळीच दिसणं शक्य नाही. दुसरं, अ‍ॅपच्या पावतीवर गुंतवणूक पूर्ण ३,००० दाखवली होती. २०२०च्या जुलैपासून फंड खरेदीवर ०.००५ टक्के मुद्रांक शुल्क कापलं जातं. तीन हजारांवर ते १५ पैसे होतं, म्हणून खऱ्या स्टेटमेंटवर २,९९९.८५ असा आकडा येतो. पंधरा पैसे कोण बघतं, पण खोटी पावती बनवणाऱ्याला ते सुचलं नव्हतं. फोलिओ नंबर, म्हणजे फंडातल्या खात्याचा नंबर होता, तोही मनाने रचलेला. फंडांच्या गुंतवणूकदारांच्या नोंदी ठेवणाऱ्या कॅम्स आणि केफिनटेक यांच्याकडून पॅन आणि ईमेल देऊन एकत्रित स्टेटमेंट मोफत मागवता येतं. ते मागवलं, त्या फोलिओचा कुठे पत्ता नाही.

दुसऱ्या महिन्यातही तीनच हजार गेले. अ‍ॅपवर सहा हजारांचे ६,४१२ झालेले दिसत होते. विश्वास पक्का बसावा म्हणून हे दोन महिने. मग ११ तारखेला १४,९०० आणि १२ तारखेला पुन्हा १४,९००. आकडा पंधरा हजारांच्या आत ठेवला कारण सर्वसाधारण ऑटोपेमध्ये त्याच्या वर गेलं की दर वेळी पिन लागतो. पैसे कापण्याआधी निदान चोवीस तास मेसेज यावा लागतो आणि तो आलाही होता, रकमेसकट. बँकेच्या जाहिरातींच्या गर्दीत तो कुणी उघडला नाही. त्यात वहिनींचा काय दोष, दिवसाला पंचवीस मेसेज येतात.

त्यांनी आधी अ‍ॅप काढून टाकलं. त्याने मँडेट जात नाही. ते यूपीआय अ‍ॅपमधल्या ऑटोपेच्या यादीत जाऊन रद्द करावं लागतं, नेट बँकिंग किंवा डेबिट कार्डाने केलेलं ई-मँडेट असेल तर बँकेतून. ते आम्ही सगळ्यात आधी केलं. मग १९३० वर फोन आणि cybercrime.gov.in वर तक्रार. बँकेचं म्हणणं, मँडेट तुम्हीच पिन टाकून मंजूर केलंय, तेव्हा हा अनधिकृत व्यवहार धरता येत नाही. शेवटचे १४,९०० पुढच्या एका खात्यात गोठवले गेल्याचं पोलिसांनी सांगितलं, अजून हातात आलेले नाहीत. आधीच्या रकमा पुढे निघून गेल्या आहेत.

पॅन, आधार आणि सही त्यांच्याकडे गेली आहे, ती काही परत घेता येत नाही. आधारचं बायोमेट्रिक लॉक केलं आणि वहिनींच्या नावावर कुणी कर्ज काढत नाही ना, हे पाहायला क्रेडिट रिपोर्ट अधूनमधून काढतो. तक्रारीनंतर त्यांना एक फोन आला, ‘रिफंड विभागातून बोलतोय, तुमचे पैसे मंजूर झालेत, फक्त २,४९९ रुपये प्रक्रिया शुल्क भरा.’ वहिनींनी पैसे भरले नाहीत. तो नंबर आम्ही त्याच तक्रारीत जोडला.