हवेची गादी : नऊ महिन्यांच्या वापरानंतर

फेब्रुवारीत आईसाठी हवेची गादी घेतली. आता ऑक्टोबर संपत आलाय. दुकानात तिला एअर बेड म्हणतात. प्लास्टिकच्या चादरीवर ओळीने फुगे असतात आणि दोन नळ्यांनी ती एका छोट्या पंपाला जोडलेली असते. साधारण दहा मिनिटांनी एका ओळीतले फुगे बसतात आणि शेजारच्या ओळीतले फुगतात. त्यामुळे शरीराचा भार एकाच जागी राहत नाही आणि पडून पडून अंगाला होणाऱ्या जखमांचा धोका कमी होतो. साडेतीन हजारांच्या आसपास पडली. ज्यांच्या घरी कुणी अंथरुणाला खिळलंय, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

आई ब्याऐंशी वर्षांची आहे. वजन सेहेचाळीस किलो. अर्धांगाच्या झटक्यानंतर उजवी बाजू गेली आणि तिला स्वतःहून कूस बदलता येईना. दिवसा मावशी असतात, संध्याकाळी माझी पत्नी बघते, रात्र माझी. हॉस्पिटलातून सोडताना सिस्टरनी सांगितलं होतं की दर दोन तासांनी कुशीवर वळवा. तीन आठवडे मी दहा, बारा, दोन, चार, सहा असे गजर लावून उठलो. चौथ्या आठवड्यात कामावर बसल्या बसल्या डोळा लागायला लागला. त्या आठवड्यात गादी घेतली. घरात सगळ्यांना सांगितलं, आईच्या पाठीसाठी घेतली. खरं म्हणजे मला झोप हवी होती.

पहिला महिना आम्ही ती चुकीची वापरली. दुकानातल्या माणसाने पंपाचं बटण पूर्ण फिरवून दिलं होतं. मलाही वाटलं, जितकी टणक तितकी चांगली. उलट होतं. फुगे दगडासारखे टणक झाले की गादीचा उपयोगच उरत नाही. शिवाय तिला थंडी वाजू नये म्हणून वर गोधडी, मेणकापड आणि दोन चादरी घातल्या होत्या. इतक्या थरांतून फुग्यांची हालचाल पोचणार कशी? आता फुग्यांवर एकच पातळ सुती चादर आणि कमरेखाली एक अंडरपॅड, एवढंच. प्लास्टिकमुळे घाम येतो, म्हणून चादर रोज बदलावी लागते.

हवा किती हवी, ते बटणावरच्या आकड्यांवरून कळत नाही, हाताने बघावं लागतं. आई पाठीवर असताना तिच्या कमरेखाली, हवेच्या गादीच्या आणि खालच्या साध्या गादीच्या मध्ये तळवा वर करून हात सरकवायचा. वर इंचभर तरी हवा जाणवली पाहिजे. तिचं हाड हाताला लागलं, तर गादी बसली आहे. डोक्याकडची बाजू उचलून जेवण भरवताना ही तपासणी पुन्हा करायची, कारण तेव्हा सगळं वजन माकडहाडाच्या भागावर उतरतं. जेवण झालं की काही वेळाने डोकं परत खाली घ्यायचं. जास्त वेळ उंच ठेवलं की ती खाली घसरते, आणि त्या घसरण्यानेही कातडी आतून दुखावते.

वळवणं मात्र सुटलं नाही. गादी आली म्हणून कूस बदलायची नाही, असं नाही. सिस्टरनी आठवडाभर आईची कातडी बघितली आणि मग रात्री चार तासांनी वळवायला परवानगी दिली. म्हणजे दहा, दोन, सहा. मधले चार तास सलग झोप. तीन आठवडे दोन-दोन तासांनी उठलेल्या माणसालाच ते चार तास काय असतात ते कळेल.

वळवतानाही पूर्ण कुशीवर घालत नाही. तसं केलं तर सगळा भार खुब्याच्या हाडावर येतो. पाठीमागे लांब उशी लावून थोडंसं तिरकं ठेवायचं, आणि पोटऱ्यांखाली उशी घेऊन टाचा अधांतरी सोडायच्या. ओढायचं तर कधीच नाही. तिच्याच एका जुन्या सुती लुगड्याची चौपदरी घडी तिच्या खाली असते. वर सरकवताना मी आणि पत्नी दोन्ही बाजूंनी ते लुगडं धरून तिला उचलतो. ते लुगडं नेसून तिने मला शाळेत पोचवलंय. आता ते इतकं मऊ झालंय की त्याला शिवणसुद्धा नको वाटते.

पंपाचा घुंईऽऽ असा बारीक आवाज रात्रभर येतो. मला आठवड्याभरात सवय झाली. आईला वाटतं, गल्लीतली पिठाची गिरणी चालू आहे. झटक्यानंतर ती फार थोडं बोलते, पण पहिल्याच रात्री तिने विचारलं होतं, "एवढ्या रात्री दळण कुणाचं?"

जुलैत एका रात्री धो धो पाऊस होता. एकच्या सुमारास तिने हाक मारली. "बाळू, गिरणी बंद पडली." मी झोपेतच ओरडलो, "झोप गं आता, किती वेळा उठवशील!" ती गप्प झाली. लाइट गेली होती. गारव्यामुळे पंखा बंद झाल्याचं मला कळलं नाही, मोबाइलची बॅटरी संपली होती आणि दोनचा गजर वाजलाच नाही. साडेपाचला जाग आली तेव्हा गादी सपाट झाली होती आणि आई दहा वाजल्यापासून एकाच अंगावर होती.

डाव्या कमरेच्या खालच्या बाजूला रुपयाएवढा डाग होता. आई सावळी आहे. गोऱ्या अंगावर लाली दिसते तशी तिच्या अंगावर दिसत नाही, नुसता जांभळट काळेपणा दिसतो. हात लावला तर तेवढीच जागा गरम आणि घट्ट लागली. बोटाने दाबून सोडलं की निरोगी कातडी क्षणभर फिकी पडते आणि पुन्हा रंग येतो. हा डाग फिका पडेना. जखम सुरू होण्याची ही पहिली पायरी. माझा हात चोळायला पुढे गेला होता, स्पिरिट आणि पावडर लावायची आमच्याकडे रीतच. सिस्टरनी फोनवर थांबवलं. अशी जागा चोळली तर आतली इजा वाढते, स्पिरिटने कातडी कोरडी पडते. उपाय एकच : त्या बाजूवर भार टाकायचा नाही. नऊ दिवस तिला डाव्या अंगावर घातलं नाही, आणि रात्री पुन्हा दोन-दोन तासांनी उठलो. डाग गेला, कातडी फुटली नाही.

त्या नऊ रात्री मी तिच्याशी नीट बोलू शकलो नाही. माफी मागितली, तर तिला काहीच आठवत नव्हतं. वळवताना तिचा चांगला हात माझ्या डोक्यावर पडायचा आणि ती केसांतून बोटं फिरवायची. ओरडलेलं तिने लक्षात ठेवलं असतं तर मला सोपं गेलं असतं.

आता पंप इन्व्हर्टरवर घेतलाय. बल्बपेक्षाही कमी वीज खातो, ते आधीच करायला हवं होतं. नळ्या पंपापाशी सैल होतात, त्या रोज बघतो. एप्रिलमध्ये एक फुगा फुटला, तो सोबत मिळालेल्या ठिगळाने बंद झाला. माणूस वजनदार असेल किंवा जखम आधीच झाली असेल, तर ही फुग्यांची गादी पुरत नाही. आडव्या जाड नळ्यांची महाग गादी मिळते, ती डॉक्टरांना विचारून घ्या.

काल रात्री दोनला तिला वळवत होतो. उशी लावून झाली, टाचा बघितल्या, हात खाली सरकवला. हवा होती. तिने डोळे न उघडता विचारलं, "गिरणी चालू आहे ना रे?"

"चालू आहे," म्हटलं, आणि तिचा हात चादरीत घेतला.