जाड, खरबरीत, रंगीत कागदावर पत्रिका: इंकजेट की लेझर?

पत्रिका स्वतः छापायच्या ठरल्या की बहुतेक जण आधी हाताशी असलेला प्रिंटर बघतात आणि मग त्यात जाईल असा कागद शोधतात. मी उलटं करतो. पत्रिका हातात घेतल्यावर पहिल्यांदा जाणवतो तो कागद, त्यामुळे तो आधी ठरवावा. इंकजेटवर छापायचं की लेझरवर, याचं उत्तर मग बरंचसं त्या कागदातूनच मिळतं.

इंकजेट पातळ शाईचे बारीक थेंब वरून सोडतो. त्याचं हेड कागदाला टेकत नाही, त्यामुळे कागदावर उंचवटा असो की खळगा, शाई दोन्हीकडे पोचते. लेझरचं तसं नाही. त्यात टोनरची कोरडी पूड विद्युतभाराच्या जोरावर कागदावर येते आणि मग साधारण दोनशे अंश सेल्सिअसच्या आसपास तापलेल्या रोलरखाली दाबली जाऊन वितळते नि चिकटते. म्हणजे टोनर नीट बसायला कागदाचा पृष्ठभाग रोलरला टेकायलाच हवा.

खरबरीत कागद

या फरकाचा परिणाम सगळ्यात ठळक दिसतो तो पोत असलेल्या कागदावर. कापडासारखी वीण उठवलेला किंवा समांतर रेघांचा कागद लेझरमधून काढा आणि मजकूर डोळ्यांजवळ धरून बघा. शिरोरेषा जिथे जिथे खळग्यावरून जाते तिथे तिथे ती तुटलेली दिसते. अनुस्वाराचा ठिपका नेमका खळग्यात आला तर अर्धा गायब होतो किंवा नखाने खरवडल्यावर पूड होऊन निघतो. ड्रायव्हरमध्ये जाड किंवा खरबरीत कागदाचा पर्याय निवडला की यंत्र कागद सावकाश सोडतं, उष्णता जास्त वेळ मिळते आणि पकड सुधारते. तरी खोल पोतावर भरीव रंगाचे पट्टे ठिपकेदारच येतात. टोनर खळग्यात उतरलाच नाही तर उष्णता वाढवून काय होणार?

अशा कागदावर इंकजेट सरस, पण शाई कोणती हे बघायला हवं. डाय शाईतला रंग पाण्यात पूर्ण विरघळलेला असतो. लेप नसलेल्या कागदात ती तंतूंच्या कडेने पसरते आणि अक्षरांना बारीक केस फुटल्यासारखे दिसतात. पिगमेंट शाईतले रंगकण वरच्या थरातच अडकतात, त्यामुळे कडा स्वच्छ राहते आणि पाण्याचा थेंब पडला तरी मजकूर सहसा टिकतो. घरगुती इंकजेटमध्ये बरेचदा काळी शाई पिगमेंट आणि बाकीचे रंग डाय असतात. इथे एक खोच आहे: कागदाचा प्रकार फोटोपेपर निवडलात तर यातले काही प्रिंटर पिगमेंट काळी शाई वापरतच नाहीत, रंग मिसळून काळा बनवतात. म्हणून लेप नसलेल्या जाड कागदावर काळा मजकूर असेल तर आधी "Plain Paper" आणि मग "Matte" निवडून एकेक ओळ छापून बघावी. जी कडा धारदार दिसेल ती सेटिंग ठेवावी, तिचं नाव काही का असेना.

कडा विस्कटलेल्या हातकागदाला मी लेझरजवळ नेतच नाही. त्याचे सुटे तंतू आत पडतात आणि वेडीवाकडी कडा सरळ ओढली जात नाही. इंकजेटमध्ये अशा कागदाची पुढची कडा साध्या कोऱ्या कागदावर पातळ चिकटपट्टीने बसवून तो आत सोडता येतो. लेझरमध्ये हीच युक्ती घातक आहे, कारण पट्टीचा गोंद तापलेल्या रोलरवर वितळून बसतो. चमकी लावलेली किंवा उठावदार शाईने आधीच काही छापलेली कार्डंही याच कारणासाठी लेझरमध्ये घालू नयेत.

रंगीत आणि मोतीझाक कागद

कागद रंगीत असला की दोन्ही प्रिंटरची एकच मर्यादा उघडी पडते. नेहमीच्या प्रिंटरमध्ये पांढरा रंग नसतो. शाई काय नि टोनर काय, बराचसा पारदर्शक असतो आणि कागदाचा रंग त्यात मिसळतो. पिवळ्या कागदावर निळी अक्षरं हिरवट होतात, फिकट हिरव्या कागदावर लाल रंग तपकिरी दिसतो. गडद निळ्या किंवा मरून कागदावर तर सोनेरी म्हणून निवडलेला रंग दिसतच नाही. पांढरा टोनर असलेली यंत्रं व्यावसायिक छपाईत मिळतात, पण घरच्या यंत्रावर गडद कागदाचा हट्ट सोडलेला बरा. फिकट कागद घ्यावा आणि त्यावर काळा, गडद तपकिरी किंवा गडद निळा मजकूर ठेवावा. गुळगुळीत रंगीत कागदावर मला लेझरचा काळा अधिक आवडतो. टोनर वर बसतो म्हणून तो भरीव दिसतो, उलट डाय शाई आत मुरून करडी पडते.

मोत्यासारखी झाक असलेल्या कागदावर अभ्रकासारख्या कणांचा थर असतो आणि तो शाई आत घेत नाही. इथे पारडं पुरतं लेझरकडे झुकतं. अट एकच, पाकिटावर तो कागद लेझरला चालतो असं लिहिलेलं असावं.

जाडी आणि कागदाची वाट

कागदाचा जाडपणा जीएसएममध्ये, म्हणजे एका चौरस मीटरला किती ग्रॅम यात सांगतात. साधा कागद 70 ते 80 जीएसएम असतो, पत्रिकेचा 200 ते 300. आपला प्रिंटर किती जीएसएम घेतो ते पुस्तिकेत दिलेलं असतं आणि तो आकडा ट्रेगणिक वेगळा असतो. पुढच्या ट्रेमधून कागद पूर्ण वळसा घेऊन बाहेर येतो. जाड कागद त्या वळणात अडकतो, नाहीतर कमानीसारखा वाकून येतो. मागून कागद घालायची सोय असलेल्या इंकजेटची वाट बरीच सरळ असते. अनेक घरगुती लेझरची मर्यादा मात्र 163 जीएसएमच्या आसपास संपते. लेझरमध्ये हाताने कागद घालायची खाच वापरावी आणि मागचं झाकण उघडता येत असेल तर ते उघडून कागद सरळ बाहेर काढावा.

जुळणी

127 × 178 मिमीचं आधीच कापलेलं कार्ड आहे आणि सगळ्या कडांपासून 8 मिमी आत एक बारीक चौकट आहे असं समजू. आधी त्याच मापाचा साधा कागद कापून घ्यावा, वरच्या कडेला पेन्सिलने बाण काढावा आणि छापावं. कोणती कडा आधी आत गेली आणि छपाई कोणत्या बाजूला आली, हे त्या बाणावरून कळतं. मग पट्टीने मोजावं. डावीकडे 9.5 आणि उजवीकडे 6.5 मिमी आलं तर बेरीज 16 होते. म्हणजे चौकटीची रुंदी बरोबर आहे, ती फक्त सरकली आहे. फरक 3 मिमी, त्याचं अर्धं 1.5. फाइलमध्ये सगळा मजकूर 1.5 मिमी डावीकडे घ्यायचा. बेरीजच 20 आली असती तर मजकूर सरकवून उपयोग नव्हता, कारण पानच लहान करून छापलं गेलं आहे. अशा वेळी प्रिंटच्या खिडकीत "Fit" काढून "Actual size" निवडायचं. थोडक्यात, बेरजेवरून माप कळतं आणि वजाबाकीवरून सरक.

आता खरं कार्ड. जाड, गुळगुळीत कार्ड रोलरवर घसरतं, त्यामुळे साध्या कागदावर जुळलेली छपाई कार्डावर पुन्हा हलू शकते. म्हणून शेवटची चाचणी खऱ्या कार्डावरच घ्यायची आणि लागोपाठ दोन-तीन कार्डं छापायची. सगळ्यांवर चूक सारखीच असेल तर ती फाइलमध्ये सुधारते. प्रत्येक कार्डावर वेगळी असेल तर कार्ड घसरतंय. मार्गदर्शक पट्ट्या कार्डाला जेमतेम टेकतील इतक्या सरकवाव्यात आणि एका वेळी एकच कार्ड घालावं. वरच्या कडेपासून चौकट डाव्या कोपऱ्यात 8 आणि उजव्या कोपऱ्यात 9.2 मिमीवर आली तर कार्ड तिरकं जातंय, तेही फाइलमध्ये सुधारत नाही.

इतकं करूनही मिलिमीटरभर चूक उरतेच, आणि कडेजवळची चौकट ती चूक जाहिरातीसारखी दाखवते. त्यामुळे मी शक्यतो कापलेली कार्डं घेतच नाही. ए4चा पूर्ण ताव आडवा धरला तर या मापाची दोन कार्डं शेजारी-शेजारी आरामात बसतात. कोपऱ्यांवर कापायच्या खुणा छापाव्यात आणि त्यांवरूनच कापावं. ताव थोडा सरकून आला तरी खुणाही मजकुराबरोबर सरकतात, त्यामुळे चौकट कार्डाच्या मधोमधच राहते.

इंकजेटवर आणखी एक चूक दिसते. जाड कागदासाठी हेड वर उचललं गेलं की थेंबांना जास्त अंतर कापावं लागतं, आणि जाताना छापलेलं येताना छापलेल्याशी जुळत नाही. अक्षरांचे काने जोडरेघांसारखे दिसले तर हेच घडतंय. दोन्ही दिशांनी छापण्याचा पर्याय बंद करावा. छपाई रेंगाळते, पण काना एकच दिसतो.

वाळवण

लेझरच्या बाजूने सर्वात मोठा मुद्दा हाच आहे. कार्ड बाहेर येतं तेव्हाच ते वाळलेलं असतं. फक्त घडीवर भरीव रंग ठेवू नये, वाकवल्यावर टोनर तडकतो.

इंकजेटची शाई कोरडी दिसते त्याच्या बऱ्याच नंतर खरी वाळते. तिच्यातलं पाणी लवकर उडतं किंवा मुरतं, पण नोझल सुकू नयेत म्हणून घातलेली ग्लायकॉलसारखी द्रव्यं सावकाश जातात. त्यामुळे पाच मिनिटांनी बोटाला काही लागत नाही आणि संध्याकाळी गठ्ठा केला की वरच्या कार्डाच्या पाठीवर खालचा मजकूर उमटतो. चाचणीसाठी रद्द कार्डावरचा सगळ्यात गडद भाग निवडावा, त्यावर पांढरा टिश्यू ठेवून अंगठ्याने जोरात दाबावं आणि उचलून पाहावं. डाग आला तर अजून वेळ आहे. दमट हवेत हा वेळ वाढतो.

छापताना प्रत्येक कार्ड बाहेर येताच कडेने धरून उचलावं, नाहीतर पुढचं कार्ड त्यावरून घासत येतं. मग ती सुटी पसरावीत आणि रात्रभर तशीच ठेवावीत. पाकिटात भरायची घाई दुसऱ्या दिवशीच करावी. हेअर ड्रायर वापरायचाच तर थंड हवेवर, गरम हवेने कार्ड वाकतं. छपाईची घनता एक-दोन पायऱ्यांनी कमी केली तर शाईच कमी पडते आणि काळ्या मजकुरात फरक फारसा दिसतही नाही. मोतीझाक कागदावर दुसऱ्या दिवशीही टिश्यूला डाग लागत असेल तर आणखी थांबण्यात अर्थ नाही. उरलेला कागद लेझरला चालणारा असेल तर तिकडे न्यावा, नसेल तर बदलावा.