मागणी पत्रकावरून किंमत लवचिकता: मध्यबिंदू पद्धत काही महिने वापरल्यानंतर

शेकडेवारीचं साधं सूत्र सगळ्यांना पाठ असतं: मागणीतला शेकडा बदल भागिले किमतीतला शेकडा बदल. ते बाजूला ठेवून बारावी-पदवीच्या गणितांत आणि छोट्या दुकानाच्या हिशेबात काही महिने फक्त मध्यबिंदू पद्धत चालवली, त्यावरचं हे मत. आधीच सांगतो, पद्धत ठेवण्यासारखी आहे. पण तिचा खरा गुण पुस्तकात ज्या कारणासाठी सांगतात तो नाही, आणि तिच्यात एक फसवी जागाही आहे.

खालचं पत्रक चिक्कीच्या पाकिटाचं समजा. आकडे सरावासाठी घेतले आहेत, मुद्दाम सरळ रेषेतले.

| किंमत (₹) | मागणी (पाकिटं) | एकूण प्राप्ती (₹) |
|---|---|---|
| १० | १०० | १००० |
| २० | ८० | १६०० |
| ३० | ६० | १८०० |
| ४० | ४० | १६०० |
| ५० | २० | १००० |

किंमत ३० वरून ४० केली तर काय होतं ते साध्या सूत्राने काढू. मागणी ६० ची ४० झाली, म्हणजे ३३.३ टक्के घट. किंमतही ३३.३ टक्क्यांनीच वाढली. उत्तर बरोबर १. एकक लवचिक मागणी, म्हणजे एकूण प्राप्ती तितकीच राहायला हवी. आता तिसरा रकाना बघा: १८०० चे १६०० झाले. सूत्र म्हणतं काही फरक नाही, आणि गल्ल्यातून २०० रुपये गेले. उलट दिशेने, ४० वरून ३० वर येताना, तेच सूत्र ५० भागिले २५, म्हणजे २ देतं. त्याच दोन ओळी, आणि उत्तरं दोन.

दिशेप्रमाणे उत्तर बदलतं ही तक्रार सगळीकडे वाचायला मिळते. मध्यबिंदू पद्धत तेवढ्यासाठीच शिकवतात: बदल सुरुवातीच्या आकड्याने न भागता दोन आकड्यांच्या सरासरीने भागायचा. मागणीत २० भागिले ५०, म्हणजे ०.४. किमतीत १० भागिले ३५, म्हणजे ०.२८६. लवचिकता १.४, जाताना आणि येतानाही. पण दिशेपेक्षा मोठी गोष्ट पुढे आहे. या पद्धतीचं उत्तर आणि प्राप्तीचा रकाना यांचं कधीही भांडण होत नाही. उत्तर १ पेक्षा जास्त आलं तर किंमत वाढवल्यावर प्राप्ती घटलेलीच असते, कमी आलं तर वाढलेलीच असते आणि बरोबर १ आलं तर दोन्ही टोकांची प्राप्ती सारखी असते. हा योगायोग नाही. सूत्रात लवचिकता १ मांडून तिरकस गुणाकार केला की शेवटी पहिली किंमत गुणिले पहिली मागणी बरोबर दुसरी किंमत गुणिले दुसरी मागणी, एवढंच उरतं. एकदा कागदावर करून बघा, चार ओळींचं काम आहे.

साधं सूत्र मात्र १ च्या आसपास चुकतं, आणि किती चुकेल ते किमतीच्या उडीवर ठरतं. २० टक्के वाढीला प्राप्ती जैसे थे राहण्याची खरी सीमा १ नसून ०.८३ असते, २० टक्के कपातीला ती १.२५ असते. म्हणजे २० टक्के भाववाढीवर ०.९ उत्तर आलं आणि तुम्ही ‘अलवचिक आहे, प्राप्ती वाढेल’ असं लिहिलंत, तर ते चूक. दोन-तीन टक्क्यांच्या बदलात हा फरक नगण्य असतो; परीक्षेतल्या पत्रकांत मात्र किंमत सर्रास दुप्पट झालेली असते. प्रश्नात ‘शेकडेवारी पद्धतीने काढा’ असं स्पष्ट लिहिलं असेल तर तेच सूत्र वापरावं लागतं. अशा वेळी निष्कर्षाचं वाक्य लिहिण्याआधी किंमत गुणिले मागणी करून घ्यावी. अल्फ्रेड मार्शलच्या एकूण खर्च पद्धतीत याहून वेगळं काही नाही, आणि तिला भागाकारही लागत नाही.

स्प्रेडशीटमध्ये A रकान्यात किंमत, B मध्ये मागणी आणि पहिल्या ओळीत मथळे असतील, तर तिसऱ्या ओळीपासून हे सूत्र खाली ओढायचं:

```
=-((B3-B2)/(B3+B2))/((A3-A2)/(A3+A2))
```

सरासरीतले दोनाचे भागाकार वर-खाली कटतात म्हणून लिहिलेले नाहीत. बरेच जण ऋण चिन्ह घालवायला ABS लावतात; ते टाळावं. वरच्या सूत्रात एखादी ओळ चुकीची भरली गेली, उदाहरणार्थ किंमत वाढली आणि मागणीही वाढली, तर उत्तर लगेच ऋण दिसतं. ABS ते झाकून टाकतं. #DIV/0! आलं तर बहुतेक वेळा लागोपाठच्या दोन ओळींत किंमत तीच असते. #VALUE! आलं तर कुणीतरी आकड्यापुढे ‘रु.’ टाईप केलेलं असतं.

वरच्या पत्रकाला हे लावलं की ०.३३, ०.७१, १.४ आणि ३ अशी चार उत्तरं येतात. ओळी पाच, उत्तरं चार, कारण लवचिकता एका किमतीची नसून दोन किमतींमधल्या टप्प्याची आहे. ‘४० रुपयांना लवचिकता १.४’ असं लिहू नये, ‘३० ते ४० च्या टप्प्यात १.४’ असं लिहावं. शिवाय प्रत्येक टप्प्यात किंमत १० ने वाढते आणि मागणी २० नेच घटते, तरी लवचिकता नऊपट होते. उतार आणि लवचिकता एकच समजणाऱ्याला हा एक रकाना दाखवला की पुरे.

आता फसवी जागा. मधली ओळ गाळून थेट २० वरून ४० वर उडी मारा. मागणी ८० ची ४० होते: ४० भागिले ६०. किंमत: २० भागिले ३०. उत्तर अगदी १, आणि प्राप्ती दोन्हीकडे १६००. पद्धत खोटं बोलत नाही, पण ती फक्त दोन टोकांबद्दल बोलते. मधे ३० वर प्राप्ती १८०० पर्यंत चढून उतरली, याचा त्यात मागमूस नाही. म्हणून टप्पे लहान ठेवावेत, आणि लांबच्या टप्प्याचं उत्तर १ च्या जवळ आलं तर ‘भाव बदलून उपयोग नाही’ असं ठरवण्याआधी मधली एखादी किंमत तपासावी.

दुकानाच्या खऱ्या आकड्यांवर वापरताना दोन ओळींमध्ये किमतीखेरीज काही बदललं नाही ना, हे आधी पाहावं लागतं. एक ओळ दिवाळीच्या आठवड्याची आणि दुसरी नंतरची असेल, तर जे निघेल ती लवचिकता नव्हे. आणि हा सगळा हिशेब प्राप्तीचा आहे, नफ्याचा नाही. पाकिटाला १५ रुपये खर्च येत असेल तर ३० ला ६० पाकिटं विकून ९०० रुपये सुटतात, ४० ला ४० विकून १०००. प्राप्ती २०० ने कमी, नफा १०० ने जास्त.